एका आकड्यापायी चार दिवस आणि पाचशे रुपये

भावाच्या लग्नात द्यायला 100 एमएलचं परफ्यूम पाहिजे होतं. बर्डीवरच्या दुकानात तेच अकरा हजाराला, आणि ऑनलाइन एक जण, नागपूरचाच, सीलबंद म्हणून साडेचारला देऊन राहिला होता. मी म्हटलं आधी फोटो पाठव.

सेलोफेनचा फोटो बरा होता. डब्याच्या टोकांना कागद पाकिटासारखा सरळ दुमडलेला, कुठे गोंदाचा थेंब नाही. फक्त यावर विश्वास ठेवू नका, गुंडाळायचं मशीन कोणाकडेही असू शकतं. आणि काही ब्रँड सेलोफेन लावतच नाहीत.

मग त्याला म्हटलं, डबा उघड आणि बाटलीच्या बुडाचा बॅच कोड दाखव, डब्याखालचा कोडही दाखव, दोन्ही सारखे असले पाहिजेत. तर म्हणे आधी पाचशे टाका. टाकले. अन् इथून चार दिवस सुरू.

डब्यावरचा कोड स्पष्ट होता, शेवटी 1. बाटलीचा पहिला फोटो ट्यूबलाइटच्या चमकेत पांढराफट्ट. दुसरा इतक्या जवळून की फोकसच नाही. तिसऱ्यात शेवटचा आकडा 1 की 7 कळेना, अन् हा म्हणे, "दादा, एकच आहे ना, लाईटमुळे तसं दिसून राहिलं." मी ते झूम करून बायकोला दाखवलं, ती म्हणाली 7, आई म्हणाली 1. शेवटी त्यालाच शिकवलं की बाटली काळ्या कापडावर आडवी ठेव, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने धर, वरून नको, अन् फोन वीतभर लांब ठेवून झूम कर. बाजूने उजेड पडला की काचेत कोरलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. चौथ्या दिवशी फोटो आला. चक्क 7.

कोड जुळला असता तरी खात्री नसतेच बरं का, खरा कोड उतरवून नकली मालावर टाकतात, अन् कोड तपासायच्या वेबसाइट फक्त त्यावरून तारीख सांगतात. न जुळणं मात्र सरळ गडबड. कोड कोरलेला नाही म्हणून लगेच नकली म्हणू नका, काही खऱ्या ब्रँडचा शाईचा असतो, म्हणून त्याच परफ्यूमच्या दुकानातल्या बाटलीशी ताडून पहा.

मग बाकीचे फोटोही मागवले. बुडाची काच एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ, आतला तळ तिरपा. हे पहायचं तर फोन बाटलीच्या बुडाच्या उंचीवर ठेवून फोटो मागा, वरून काढला तर चांगली बाटलीही तिरपी दिसते. आणि स्प्रेखालची धातूची कॉलर! ती मानेला एकसारखी घट्ट बसलेली पाहिजे, याच्या कॉलरची एक कड उचललेली, दाबल्याचे वेडेवाकडे खळगे. हा फोटो मी पहिल्याच दिवशी मागायला पाहिजे होता, झाकण काढलं की झालं, ना टॉर्च ना कापड.

पाचशे काही परत आले नाहीत. मेसेज वाचतो, उत्तर देत नाही.