एक लेख, चार पोस्ट आणि एकाच सहीचे दोन शेरे

ज्या संस्थेसाठी मी मजकूर लिहिते, तिथे प्रत्येक गोष्ट मंजुरीच्या टेबलावरून जाते. फोटोंच्या बॅकअपवरचा साधारण 1800 शब्दांचा माझा लेख तिथून विनातक्रार सुटला. त्यातून एक्स, लिंक्डइन, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप यांसाठी प्रत्येकी एक पोस्ट काढायची होती. चित्रं झाली, तारखा ठरल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते मजकुराच्या फाइलवर आलेल्या दोन शेऱ्यांपाशी. पहिला: "लेखाचा मुख्य संदेश प्रत्येक पोस्टमध्ये त्याच शब्दांत हवा." त्याच पानावर थोडं खाली दुसरा: "सगळ्या पोस्ट एकसारख्या वाटतात, बदलाव्यात." दोन्हींखाली सही एकच!

मुख्य संदेश असा होता: "फोटोंच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा." हा 3-2-1 चा नियम, छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला. लेखात ते वाक्य छान बसलं होतं. पण चारही पोस्टमध्ये जसंच्या तसं घातलं की बाकीचा मजकूर त्याच्याभोवती सारखाच रचला जातो. आधी प्रश्न, मग भीती, मग हे वाक्य, मग लिंक. अशा वेळी सगळेजण आधी समानार्थी शब्दांकडे वळतात, आणि टेबलाचीही तीच अपेक्षा होती. त्याने काम होत नाही. 'सुरक्षित'चं 'सुखरूप' केलं तरी वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं की हे आपण कालच वाचलंय, कारण मांडणीचा क्रम तोच असतो. उलट नुकसान होतं. एका पोस्टमध्ये 'बॅकअप', दुसरीत 'नक्कल' आणि तिसरीत 'साठवण' लिहिलं, तर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असं एखाद्याला वाटू शकतं. पारिभाषिक शब्द बदलायचे नसतात. बदलायची ती सुरुवात, क्रम आणि उदाहरणं.

हे टेबलाला समजावण्यातच बहुतेक वेळ गेला. ईमेलवर तोच शेरा पुन्हा चिकटून यायचा. शेवटी मी पोस्ट पाठवणंच थांबवलं आणि दोन रकान्यांचं एक पान पाठवलं. डावीकडे न बदलणाऱ्या गोष्टी: तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत दुसरीकडे, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, बॅकअपमधून फाइल परत काढून बघितल्याशिवाय तो झाला असं धरायचं नाही. उजवीकडे प्रत्येक पोस्ट कोणासाठी आहे, लेखातला कोणता तुकडा घेते आणि कुठून सुरू होते. मग फोन आला.

"मॅडम, मुख्य वाक्य कुठे दिसत नाही."

"सर, त्यातली माहिती डावीकडे आहे. ती कुठेही बदलणार नाही. वाक्य मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं असेल."

"म्हणजे चुकीचं काही जाणार नाही ना?"

भीती खरी एवढीच होती. ती पहिल्याच शेऱ्यात लिहिली असती तर! डाव्या रकान्यावर सही झाली आणि वाक्याचा हट्ट सुटला. तुमच्याकडेही मंजुरी लागत असेल तर वाक्यांसाठी मागू नका, तथ्यांच्या यादीसाठी मागा. ती एकदाच द्यावी लागते.

त्यानंतरचं काम मजेत झालं, कारण लेख चार वेळा लहान करायचाच नव्हता. एका पोस्टला त्यातला एकच तुकडा द्यायचा होता.

एक्ससाठी सर्वांत वादाचा मुद्दा घेतला: "फोनमधून फोटो डिलीट केला आणि क्लाउडमधूनही गेला? मग ते सिंक होतं, बॅकअप नव्हता." नियमाचा उल्लेखसुद्धा नाही. डिलीट केलेला फोटो बऱ्याच सेवांमध्ये काही दिवस ट्रॅशमध्ये राहतो, ही पुस्ती त्याखालच्या उत्तरात टाकली. तिथली साधी मर्यादा 280 अक्षरांची आहे, पण ती मराठीत फसवते. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्षमता' आपल्याला तीन अक्षरी वाटतो, तिथे त्याचे सहा होतात. लिंक मात्र कितीही लांब असली तरी 23 च धरतात.

लिंक्डइनवर 3000 अक्षरांपर्यंत जागा आहे, म्हणून अख्खा लेख ओतायचा मोह होतो. पण घडी घातलेल्या पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. तिथे कार्यालयातल्या माणसाचा तुकडा घेतला, म्हणजे फाइल परत काढून बघण्याचा: "बॅकअप यशस्वी झाल्याचं हिरवं चिन्ह रोज येतं. त्यातली एखादी फाइल उघडून शेवटची कोणी पाहिली?" पुढे ही तपासणी कोणी करायची आणि नोंद कुठे ठेवायची, एवढंच.

3-2-1 पूर्णपणे फक्त इन्स्टाग्रामवर आला, एका आकड्याला एक चित्र. चित्रांवर लिहिलेलं कॅप्शनमध्ये पुन्हा लिहिण्याचा मोह आवरावा लागतो. कॅप्शनमध्ये मी नेहमीचा गैरसमज घेतला: एकाच डिस्कवरची दोन फोल्डर म्हणजे दोन प्रती, असं समजून लोक निर्धास्त राहतात आणि डिस्क बिघडली की दोन्ही जातात. कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, म्हणून ती प्रोफाइलमध्ये दिली.

व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर पुढे पाठवला जातो आणि ज्याच्याकडे जातो त्याला मागचं काहीच माहीत नसतं. म्हणून तिथे युक्तिवाद नको, फक्त कृती: "आज एवढंच करा. फोनमधले फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, त्यातले चार-पाच उघडून बघा, मग डिस्क काढून ठेवा." ठळक करण्यासाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना * लावतात ते इथे चालतं. तोच मजकूर लिंक्डइनवर चिकटवला की चांदण्या तशाच दिसतात, आणि उचलून टाकलेली पोस्ट लगेच ओळखू येते.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: लिहिताना लेख बंद ठेवा. समोर डावा रकाना तेवढा असू द्या. लेख उघडा असला की त्यातलीच वाक्यं हातातून उतरतात, विशेषतः ती आपण स्वतः लिहिलेली असतील तर.

झाल्यावर चारही पोस्ट एका फाइलमध्ये एकाखाली एक ठेवा आणि आधी फक्त पहिल्या ओळी ओळीने वाचा. दोन ओळींची अदलाबदल करूनही पोस्ट चालत असतील, तर त्या दोन्हींत एकच तुकडा शिरलाय. मग संशयास्पद वाटणारे सलग चार-पाच शब्द शोधून बघा. आकडे आणि 'बॅकअप'सारखे शब्द सापडणारच, ते राहू द्या. बाकीचं सापडलं तर शब्द बदलत बसू नका, ते वाक्य एका ठिकाणाहून काढून टाका.

डावा रकानाही फेकू नका. प्रत्येक तथ्यापुढे ते कोणकोणत्या पोस्टमध्ये गेलंय ते मी आता लिहून ठेवते. उद्या त्यात दुरुस्ती निघाली, तर वाक्यं वेगवेगळी असल्यामुळे शोधून सापडणार नाहीत; कुठे हात लावायचा ते त्या यादीवरूनच कळेल.