काठिण्य पातळीचा रकाना आणि प्रत्येकाची वेगळी प्रश्नपत्रिका

इतिहास-भूगोलाच्या ऑनलाइन चाचणीत प्रत्येक मुलाला वेगळी प्रश्नपत्रिका मिळाली पाहिजे, असा निरोप आला आणि सोबत एक्सेलचा तक्ता. प्रश्न, चार पर्याय, बरोबर उत्तर आणि अगदी शेवटी ‘काठिण्य पातळी’. त्यात सोपा, मध्यम किंवा कठीण यांपैकी एक शब्द भरायचा. तो रकाना रिकामा राहिला की तक्ता परत. त्या रकान्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

प्रश्न काढणं आणि मूडल या ऑनलाइन चाचण्यांच्या सॉफ्टवेअरवर चढवणं सुरळीत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळं अडलं ते कोणता प्रश्न कुणाच्या वाट्याला जाणार, या ठिकाणी.

सगळे प्रश्न एका ढिगात टाकून संगणकाला ‘उचल’ म्हणायचं, ही पहिली कल्पना कुणालाही सुचते. समजा ढिगात ६० प्रश्न आहेत, त्यातले २० कठीण, आणि प्रत्येकाला १२ द्यायचे आहेत. सरासरीने ४ कठीण प्रश्न वाट्याला येतील हे खरं, पण ४० मुलांच्या वर्गात कुणाला २ आणि कुणाला ६ येणारच. ज्याला ६ आले त्याला सरासरीशी काय देणंघेणं? हे परीक्षा समितीला पटलं होतं, आणि त्यावरचा उपाय म्हणूनच तो रकाना आला. सोप्यातून ४, मध्यममधून ४, कठीणमधून ४ उचलले की झाला न्याय, असा हिशोब.

तो हिशोब चुकीचा आहे हे मी बैठकीत सांगितलं. उत्तर मिळालं, “मॅडम, रकाना भरा, बाकी सिस्टम बघेल.” भरला. चाचणी झाली आणि व्हायचं तेच झालं. एका मुलीच्या चारही कठीण प्रश्नांत रेखांशावरून वेळ काढायची गणितं, तर तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाला चारही ‘चुकीची जोडी ओळखा’. पातळी कागदावर तंतोतंत सारखी. पण त्या मुलीची चाचणी भूगोलाची झाली आणि त्या मुलाची इतिहासाची.

इथे थांबून एकच खोकं उघडून दाखवते, कारण खरी मेख तिथे आहे. (प्रश्नांच्या एका वर्गवारीला मी खोकं म्हणते. मूडलमध्ये ती कॅटेगरी.)

रेखांश आणि वेळ. १ अंशाला ४ मिनिटं, १५ अंशांना १ तास, पूर्वेकडे वेळ पुढे, पश्चिमेकडे मागे. तक्त्यात या घटकाचे प्रश्न ‘कठीण’ या एकाच शब्दाखाली बसले होते. आता ते जवळून बघा. ०° रेखावृत्तावर दुपारचे १२ वाजले असताना ४५° पूर्व रेखावृत्तावर किती वाजले असतील? ४५ ला १५ ने भागलं की ३, म्हणजे दुपारचे ३. तोंडी होतं. आता ४५° च्या जागी ४७° घाला. ४७ गुणिले ४ म्हणजे १८८ मिनिटं, त्याचे ३ तास ८ मिनिटं. नियम तोच, पण गुणाकार वाढला आणि मिनिटांचे तास करायची पायरी वाढली. तिसऱ्या प्रश्नात ०° वर रात्रीचे १० वाजलेले. ४५° पूर्वेला उत्तर रात्रीचा १, आणि तारीख दुसऱ्या दिवसाची. इथे मुलं गणितात चुकत नाहीत, दिवसात चुकतात. तीन प्रश्न तीन वेगळ्या गोष्टी तपासतात आणि तिन्हींवर शिक्का एकच.

म्हणून मी शब्दांची पातळी सोडली आणि एका जागेला एक खोकं असं ठरवलं. चाचणीतला सातवा प्रश्न म्हणजे ‘पूर्वेकडची वेळ, पूर्ण तासात, तारीख न बदलता’. या जागेवर कुणालाही काहीही आलं तरी ते याच साच्यातलं असणार. रेखांश बदलेल, काम बदलणार नाही. आठव्या जागेचं खोकं तारीख बदलणाऱ्या प्रश्नांचं, आणि त्यातही सगळे तसलेच.

साचा सारखा म्हणजे चुकीचे पर्यायही सारख्या जातीचे हवेत. हे सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. ४५° पूर्वेच्या प्रश्नात दुपारी ३ हे बरोबर. सकाळी ९ हा पर्याय दिशा उलटी धरणाऱ्यासाठी, दुपारी २ आणि ४ हे एका तासाने घसरणाऱ्यासाठी. मग ६०° पूर्वेच्या प्रश्नात दुपारी ४ बरोबर, आणि सोबत सकाळी ८, दुपारी ३, दुपारी ५ हेच यायला हवेत. तिथे कंटाळून ‘मध्यरात्र’ असा पर्याय टाकला की तो कुणी निवडणार नाही. ज्याला तो प्रश्न आला त्याच्यासमोर मग खऱ्या अर्थाने तीनच पर्याय उरले.

खोकं भरायची फाइल मूडलच्या GIFT या स्वरूपात अशी दिसते:

```
$CATEGORY: भूगोल/रेखांश-वेळ/पूर्व-पूर्ण तास

::पूर्व-१:: ०° रेखावृत्तावर दुपारचे १२ वाजले असताना ४५° पूर्व रेखावृत्तावर स्थानिक वेळ काय असेल? {
=दुपारी ३
~सकाळी ९
~दुपारी २
~दुपारी ४
}
```

इतिहासाची खोकी याहून त्रासदायक, कारण तिथे आकडा बदलून भावंडं तयार होत नाहीत. ‘चुकीची जोडी ओळखा’ घ्या. एका प्रश्नात ‘पहिल्या महायुद्धाची सुरुवात – १९३९’ ही चुकीची जोडी असेल, तर दोन महायुद्धांत गोंधळ न होणारं कुठलंही मूल ती पकडेल. दुसऱ्यात ‘रशियन राज्यक्रांती – १९१५’ असेल, तर दोन वर्षांचा फरक पकडायला नेमकं साल पाठ असावं लागतं. दिसायला जुळी भावंडं, प्रत्यक्षात एका इयत्तेचा फरक. यावर मी नियम केला की चुकीच्या जोडीतलं साल त्याच प्रश्नपत्रिकेच्या घटकातल्या दुसऱ्या एखाद्या मोठ्या घटनेचं असलं पाहिजे. फ्रेंच राज्यक्रांतीपुढे १७७६ चालेल, कारण ते अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. १७९१ चालणार नाही.

एवढं करूनही खोक्यातले प्रश्न सारखे आहेत की नाही, हे आपल्या डोळ्यांनी ठरत नाही. ते मुलांच्या उत्तरांवरून ठरतं. मूडलच्या चाचणीत Results मध्ये Statistics नावाचा अहवाल असतो आणि त्यात प्रत्येक प्रश्नासमोर Facility index हा टक्क्यांतला आकडा येतो. सरासरी गुणाला पूर्ण गुणाने भागलेलं, इतकंच ते. एका गुणाच्या प्रश्नात सरळ अर्थ, किती टक्के मुलांनी बरोबर सोडवला. एकाच खोक्यातल्या प्रश्नांचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा फार वर किंवा फार खाली दिसला की तो उघडून वाचायचा. बहुतेक वेळा कारण पर्यायांतच सापडतं.

पण याच आकड्यावर लगेच विसंबू नका, आणि हे मला समितीला समजावता समजावता घसा बसला. वर्गात ४० मुलं, खोक्यात ५ प्रश्न, म्हणजे एकेक प्रश्न साधारण ८ मुलांच्या वाट्याला. ८ पैकी एका मुलाचं उत्तर बदललं तर आकडा साडेबारा टक्क्यांनी हलतो. अशा आकड्यावरून प्रश्न बाद करणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. मी सरळ मार्ग धरला. सराव चाचणीत नशिबाचा खेळच ठेवला नाही. खोक्यातले पाचही प्रश्न सगळ्यांना दिले. मुलांना तेवढाच सराव, आणि मला प्रत्येक प्रश्नावर अख्ख्या वर्गाची उत्तरं. तोटा एकच, तेच प्रश्न मुलांनी पाहिलेले असतात. म्हणून सराव एका तुकडीचा आणि खरी चाचणी दुसरीची, असं जमलं तर उत्तम. न जमलं तर भूगोलात फक्त रेखांश बदलून नवी भावंडं तयार करता येतात. इतिहासात मात्र हा तोटा सोसावा लागतो.

खोक्यात किती प्रश्न असावेत हे सगळे विचारतात. २० जागा आणि प्रत्येक खोक्यात ५ प्रश्न असतील तर शेजारच्या दोघांत सरासरी ४ प्रश्न तेच निघतील. दोनच प्रश्न ठेवले तर १०. मला ५ पुरेसे वाटतात. दहाचा हट्ट धरला की शेवटचे चार उगाच काढल्यासारखे होतात आणि सारखेपणा तिथेच मोडतो.

एक राहिलंच. वेगवेगळ्या खोक्यांतले प्रश्न एकमेकांची उत्तरं फोडतात. एका खोक्यात ‘१७८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुरुवातीला पॅरिसमधल्या कोणत्या तुरुंगावर हल्ला झाला?’ आणि दुसऱ्यात ‘फ्रेंच राज्यक्रांती कोणत्या साली सुरू झाली?’ ज्याला दोन्ही आले त्याला एक गुण फुकट. एकच प्रश्नपत्रिका असती तर वाचतानाच हे दिसलं असतं, इथे ती कुणीच सलग वाचत नाही. पहिल्यातून साल काढून टाकावं. प्रश्नाच्या वाक्यात उगाच माहिती पेरायची आपली सवय इथे महागात पडते.

‘वरीलपैकी सर्व’ हा पर्यायही विसरायचा. पर्याय फिरवले की तो सगळ्यात वरही येऊन बसू शकतो. आणि पर्याय फिरवायचे असतील तर चाचणीच्या सेटिंगमधलं Shuffle within questions आणि प्रश्नातलं Shuffle the choices? ही दोन्ही चालू हवीत, एकाने भागत नाही.

हे सगळं घेऊन गेले तेव्हा परीक्षाप्रमुख सर म्हणाले, “ठीक आहे, पण सही करायला मूळ प्रश्नपत्रिका कुठाय?” मूळ प्रश्नपत्रिका नसतेच, हे सांगून उपयोग झाला नाही. फाइलमध्ये सहीचा कागद लागतो. शेवटी मी वीस जागांचा आराखडा छापून दिला. प्रत्येक जागेपुढे घटक, काय तपासायचं ते, गुण, आणि खोक्यातला एक नमुना प्रश्न. त्यावर सही झाली. खरं तर तपासण्यासारखी वस्तू तीच आहे, त्यामुळे ही मागणी आधीच आली असती तर बरं झालं असतं. काठिण्य पातळीचा रकाना मात्र त्या आराखड्याखालीही छापून आलाय. सगळीकडे ‘मध्यम’ भरलंय.

फाइल बनवणाऱ्यांसाठी दोन बारीक गोष्टी. ती UTF-8 मध्येच जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. आणि वेळ लिहिताना ३:३० असं लिहू नका. त्या फाइलच्या भाषेत अपूर्णविरामाला वेगळा अर्थ आहे, त्यामुळे त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. ‘३ वाजून ३० मिनिटे’ लिहिलं की कटकट नाही. बरोबर उत्तर दाखवण्याची खूण Review options मध्ये फक्त After the quiz is closed या रकान्यात ठेवा, आणि चाचणी बंद होण्याची वेळ न चुकता भरा. ती भरली नाही तर चाचणी बंदच होत नाही आणि मुलांना उत्तरं कधीच दिसत नाहीत. आणि खूण आधीच्या रकान्यात राहिली, तर लवकर संपवणारी काही मुलं मिळून अख्खं खोकं वर्गाला वाटून टाकतात.