‘येते’ म्हणायचं, नेहमी

स्पॅनिशचे क्लास घेणं आणि गाड्यांच्या सुट्या भागांची मॅन्युअल्स भाषांतरित करणं, यावर माझं गेली काही वर्षं बरं चाललंय. त्यामुळे चाकणच्या एका कंपनीकडून उलटं काम आलं तेव्हा मला मजाच वाटली. स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ जणांना जुजबी मराठी शिकवायचं होतं. चार जण स्पेनमधल्या बिल्बाओकडचे, तीन मेक्सिकोचे आणि दोन कोलंबियाचे. पहिला तास दीड तासाचा, विषय फक्त नमस्कार-चमत्कार. अट एकच होती. आधी पूर्ण आराखडा स्पॅनिशमध्ये लिहून द्यायचा, कारण त्यावर सही करणाऱ्या बाई स्पेनमध्ये बसतात आणि त्यांना मराठीचा गंध नाही.

हा आराखडा म्हणजे एक तक्ता असतो. डावीकडे ‘काय साधायचं’ आणि उजवीकडे ‘काय म्हणायचं’. युरोपात भाषेच्या पातळ्या ठरवून दिलेल्या आहेत, त्यातली सगळ्यात खालची ए-वन. त्या पातळीचे रकाने जवळजवळ ठरलेलेच असतात : सकाळचं अभिवादन, दुपारचं, रात्रीचं, खुशाली, ओळख, आभार, निरोप. स्पॅनिशसाठी हे फार सोयीचं आहे. जेवण होईपर्यंत ‘ब्वेनोस दीआस’, मग अंधार पडेपर्यंत ‘ब्वेनास तार्देस’, पुढे ‘ब्वेनास नोचेस’. माझी गाडी पहिल्या तीन रकान्यांतच अडकली. कंपनीच्या एचआरमधल्या मुलीचा आग्रह होता की ‘शुभ प्रभात’, ‘शुभ दुपार’ लिहा, छान दिसतं. आता ‘शुभ दुपार’ कुणी कुणाला म्हटल्याचं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. आणि ‘शुभ प्रभात’ व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलासोबत येतं, तोंडातून नाही. त्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणतो. मी तिन्ही रकाने एकत्र करून एकच ‘नमस्कार’ लिहिला आणि खाली ‘राम राम’ जोडलं, कारण आळंदी तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि शॉप फ्लोअरवरची वयस्कर मंडळी तेच म्हणतात. स्पेनहून आराखडा परत आला. शेरा : दोन रकाने रिकामे राहिले आहेत.

ते भरले कसे, ते सांगत नाही. भरले.

खरी मेहनत होती ती लिपीची. पहिल्याच तासाला देवनागरी शिकवता येत नाही, म्हणून मराठी वाक्यं रोमन अक्षरांत द्यावी लागतात. बाजारात मिळणारी पुस्तकं ती इंग्रजीच्या चालीने देतात, आणि इंग्रजीची चाल स्पॅनिश डोळ्यांना फसवते. स्पॅनिशमध्ये एच मुका. म्हणजे ‘आहात’ इंग्रजी पद्धतीने लिहिलं की ते वाचणार ‘आआत’. शब्दाच्या सुरुवातीचा वाय बरेच जण जवळजवळ ‘ज’सारखा म्हणतात, त्यामुळे ‘येतो’चं होतं ‘जेतो’. आणि ‘जे’ हे अक्षर ‘ख’सारखं घशातून काढतात, तेव्हा ‘जेवलात का’ विचारायला गेलेला माणूस ‘खेवलात का’ विचारून बसतो. म्हणून मी सगळं त्यांच्या कानाने लिहून काढलं. ‘येतो’ला वायच्या जागी आय घातला. ‘ह’साठी त्यांचं ‘जे’च वापरलं. आता यातही गंमत अशी की कोलंबियाचे लोक हे ‘जे’ मऊ, आपल्या ‘ह’सारखंच म्हणतात. त्यांनी तो कागद वाचला आणि अगदी पुणेरी ‘कसे आहात’ निघालं. बिल्बाओवाल्यांनी वाचला आणि निघालं ‘कसे आखात’. मी त्यांना म्हटलं, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना काढता तो आवाज काढा. जमलं.

एक सुख मात्र फुकट मिळालं. इंग्रजी बोलणाऱ्यांकडून साधा ‘त’ काढून घ्यायला तीन तास जातात, ते प्रत्येक ‘त’चा ‘ट’ करतात. स्पॅनिशचा ‘त’ आपल्यासारखाच दाताला जीभ लावून येतो. आणि शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ ते जीभ थरथरवून म्हणतात. तिघा मेक्सिकन इंजिनियरांनी एका सुरात ‘रर्राम रर्राम’ म्हटलं तेव्हा बाहेर झाडू मारणारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले.

खुशालीच्या रकान्यात मी वीस मिनिटं धरली होती, चाळीस गेली. स्पॅनिशमधला ‘कोमो’, म्हणजे ‘कसा’, कुणासाठी बदलत नाही. आपला मात्र समोरच्याप्रमाणे बदलतो : कसा, कशी, कसे, कशा. मी त्यांना सांगितलं की हा प्रश्नार्थक शब्द समजूच नका, ‘कोन्तेन्तो-कोन्तेन्ता’सारखं विशेषण समजा. माणसाप्रमाणे शेपूट बदलतं हे त्यांना रक्तातच माहीत आहे, म्हणून पटलं. पण शेपटांनीच घोळ केला. त्यांच्याकडे ‘आ’ची शेपटी बाईची. आपल्याकडे ‘कसा’ पुरुषाचा. त्यामुळे पहिला अर्धा तास सगळे पुरुष कशी होते आणि बायका कसा. उलट ‘येतो’ला त्यांना काहीच अडचण नाही, कारण ‘ओ’ त्यांच्याकडेही पुरुषाचाच. ‘येते’ मात्र बायकांकडून घोटून घ्यावं लागलं. कोलंबियाची एक जण क्वालिटीमध्ये आहे, तिच्याकडून मी ते निदान दहा वेळा म्हणून घेतलं असेल. हे घोटणं पुढे कामी आलं, म्हणजे नको तिथे आलं.

त्या तासातला माझा सगळ्यात आवडता क्षण ‘काय चाललंय’चा. यातला ‘च’ चमच्यातला, चंद्रातला नव्हे, आणि हा आवाज स्पॅनिशमध्ये नाही. मी ‘त’ आणि ‘स’ जोडून म्हणा वगैरे समजावत होते, तेवढ्यात बिल्बाओचा एक जण म्हणाला, ‘हा तर आमचा टी-झेड.’ तो बास्क. बास्क भाषेत आपले दोन्ही ‘च’ आहेत आणि ते वेगवेगळे लिहितातही : चंद्रातला टी-एक्सने आणि चमच्यातला साधारण टी-झेडने. आपण दोन आवाजांना एकच अक्षर वापरतो आणि कुठे कोणता हे परक्याने ओळखायचं असं म्हणतो. मी फळ्यावर ‘चाललंय’ला टी-झेड लिहिला आणि पुढची पाच मिनिटं वर्ग त्याने घेतला. साडेचार हजार मैल पलीकडची कुठली भाषा आपल्या चाळीतली शेजारीण निघावी तसं झालं. हे मैल मी अंदाजाने लिहिलेत, जास्तच असतील.

‘काका’बद्दल थोडक्यात. वयाने मोठ्या अनोळखी पुरुषाला काका म्हणायचं असं मी आराखड्यात लिहिलं होतं. स्पॅनिशमध्ये ‘काका’ म्हणजे लहान मुलांच्या भाषेत शी. मला हे माहीत असून लिहिताना सुचलं नाही. वर्ग दहा मिनिटं हातातून गेला. नंतर आम्ही ‘दादा’ आणि ‘मामा’वर तडजोड केली.

शेवटचा रकाना निरोपाचा. इथे मी जरा मिरवलेच. डावीकडे त्यांचं ‘आदिओस’, उजवीकडे मी लिहिलं ‘येतो, येते’ आणि खाली स्पॅनिशमध्ये ठळक टीप दिली की मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, कारण जाणं अशुभ. परत येण्याचं बोलूनच तो उंबरा ओलांडतो. नेहमी ‘येतो’ म्हणावे. या ‘नेहमी’साठी मी ‘सिएम्प्रे’ लिहिलं आणि अधोरेखित केलं. मंजुरीवाल्या बाईंना ही टीप एवढी आवडली की त्यांनी खास कळवलं. आख्ख्या आराखड्यात त्यांनी कौतुक केलेली ही एकच गोष्ट.

साधारण पाच आठवड्यांनी त्या कोलंबियाच्या मुलीचा रात्री फोन आला. तिच्या लाइनवरच्या एका ऑपरेटरचे वडील गेले होते. सगळी टीम राजगुरुनगरजवळच्या त्यांच्या गावी भेटायला गेली, ही पण गेली. पंधरा-वीस मिनिटं सगळे खाली मान घालून बसले. उठताना तिने त्याच्या आईसमोर हात जोडले आणि स्वच्छ उच्चारात म्हणाली, ‘येते.’

आईने सवयीने ‘या’ म्हटलं. मग घरातल्या कुणीतरी दुसऱ्या बाईने तोंडाला पदर लावला. परतताना गाडीत एका सहकाऱ्याने तिला समजावून सांगितलं की दुःखाच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत, पुन्हा या निमित्ताने यायची वेळ नको म्हणून.

ती चिडली नव्हती. तिने फक्त तो कागद पुढे धरला असावा, कारण वाचून दाखवल्यासारखी म्हणाली, ‘तू इथे सिएम्प्रे लिहिलं आहेस.’ मग तिने विचारलं, मग काय म्हणायला हवं होतं?

मी म्हटलं, काहीच नाही. उठायचं आणि चालू लागायचं.

हे तिला ‘येते’पेक्षा अवघड गेलं. त्यांच्याकडे सांत्वनाची ठरलेली वाक्यं आहेत, ती आल्यावर म्हणायची, आणि जातानाही घरच्या माणसाला मिठी मारून काहीतरी बोलायचंच. न बोलता निघून जाणं म्हणजे तिथे अपमान. तिने दोनदा विचारलं, अगदी काहीच नाही? आईकडे बघायचं की नाही? मला पटकन सांगता येईना. मी स्वतः काय करते ते आठवायला लागले. मी चप्पल शोधण्यात वेळ काढते.

मी त्या ऑपरेटरला ओळखत नाही, त्यामुळे माफी मागायला कुणाकडे जाणार? तिनेच दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं की चूक झाली. तो म्हणाला म्हणे, ‘आईला बरं वाटलं, परदेशातली मुलगी मराठीत बोलली.’ खरंच वाटलं असेल किंवा तो बरा माणूस असेल.

आता दुसरी तुकडी येते आहे आणि एचआरला तोच आराखडा हवाय, तारीख बदलून. मी ‘सिएम्प्रे’ खोडला. आधी ‘कासी सिएम्प्रे’ लिहून पाहिलं, म्हणजे ‘बहुतेक वेळा’. पण त्याने प्रश्न सुटत नाही, कारण ती नेमकी कोणती वेळ नाही हे वाचणाऱ्याला कळत नाही. मग निरोपाखाली एक जास्तीची ओळ घातली. डावीकडे लिहिलं, ‘दुःखाच्या घरातून निघताना’. उजवीकडचा रकाना तसाच ठेवला आणि कंसात स्पॅनिशमध्ये लिहिलं : हा मुद्दाम रिकामा आहे.

काल स्पेनहून फाइल परत आली. त्या रकान्यावर पिवळा रंग फासलाय.