ऑगस्टचा तक्ता आणि ऋषीची भाजी

मी पुण्यात राहते आणि घरच्या स्वयंपाकघरातून मराठी पाककृतींची एक यूट्यूब वाहिनी चालवते. नोकरीमुळे चित्रीकरणाला रविवारच मिळतो, म्हणून महिनाभर आधी विषय, चित्रीकरण आणि प्रसिद्धी यांचा तक्ता करण्याची सवय मी लावून घेतली. 2025 च्या ऑगस्टचा तक्ता मला अजूनही सलतो.

पहिली चूक माझीच होती. मी 2024 चा तक्ता उचलून त्यावरचे साल तेवढे बदलले. त्या वर्षी गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ मी दहा दिवस आधी, 28 ऑगस्टला, टाकला होता. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टलाच आली. म्हणजे तक्त्याप्रमाणे वागले असते, तर बाप्पा आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी लोकांना मोदकाची उकड काढायला शिकवत बसले असते. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि अधिक महिना आला की सण पुन्हा पुढे सरकतात, हे शाळेत शिकलेले असूनही कॅलेंडर भिंतीवरच राहिले. आता मी सणाची तारीख पंचांगातून पाहून ‘ब’ स्तंभात लिहिते, किती दिवस आधी टाकायचे तो आकडा ‘क’ स्तंभात, आणि बाकीच्या दोन तारखा शीटकडून काढून घेते. ‘ड’ ही प्रसिद्धीची, ‘इ’ ही चित्रीकरणाची. शीटवर हे स्तंभ B ते E असतात:

```
D2: =B2-C2
E2: =D2-7
```

मोदक 17 तारखेला गेले. नारळीभाताविषयी सांगण्यासारखे काही नाही. अडले ते ऋषीच्या भाजीवर.

ऋषिपंचमी 28 ला होती. ही भाजी बघणारे लोक मंडईत जाण्याच्या बेतात असतात, त्यामुळे चार दिवस आधी, रविवारी 24 ला, व्हिडिओ हवा. शीटने चित्रीकरणाचा दिवस 17 ऑगस्ट दाखवला आणि मी निश्चिंत झाले. त्या सकाळी मंडईत अळू, लाल माठ, दोडका, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, सुरण, मक्याची कणसे असे सगळे मिळाले. अंबाडे मात्र कुठेच नव्हते. भाजीवाल्या मावशींनी शांतपणे सांगितले, “ताई, पंचमीच्या आदल्या दिवशी या, वाटेच लावलेले असतात.” आदल्या दिवशी म्हणजे चतुर्थीला! त्या दिवशी मी कॅमेरा लावणार की पूजेचे ताट? चिंच घालून वेळ मारून न्यावी असे मनात आले होते, परंतु सासूबाईंनी “मग तिला नुसती मिश्र भाजी म्हण” असे म्हटल्यावर तो विषय मिटला. बैलाच्या कष्टाचे चालत नाही अशा भाजीसाठी मंडईत जाण्यावरही त्यांना एरवी बोलायचे असतेच.

शेवटी आंबटाची पायरी वगळून उरलेले सगळे त्या दिवशी चित्रित केले आणि चिपळूणच्या नणंदेला फोन केला. तिच्या परसात अंबाड्याचे झाड आहे. तिने लगेच एस.टी.च्या पार्सलने पिशवी पाठवली, पण त्या आठवड्यातल्या धुवाधार पावसात ती पिशवी 21 तारखेच्या रात्री हाती पडली. शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईने ट्यूबलाइटखाली अंबाडे ठेचण्याचा प्रसंग घेतला आणि तो जोडून पाहिल्यावर हताश झाले. रविवारच्या खिडकीतल्या उजेडात हिरवीगार दिसणारी भाजी पुढच्याच क्षणी पिवळट दिसत होती, आणि माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्याही नाहीशा झाल्या होत्या. शनिवारी सकाळी तीच खिडकी, तेच पातेले, तीच साडी आणि त्याच बांगड्या घेऊन चाळीस सेकंदांचा तुकडा पुन्हा घेतला, रात्री संपादन केले आणि रविवारी सकाळी व्हिडिओ गेला.

तेव्हापासून तक्त्यात दोन स्तंभ वाढले आहेत. एकात अडणारा जिन्नस आणि तो बाजारात केव्हा येतो हे लिहिते. त्याची तारीख चित्रीकरणाच्या तारखेनंतरची असेल, तर तो पदार्थ महिन्याच्या तक्त्यात बसतच नाही, शीटने काहीही म्हटले तरी. दुसऱ्यात साडी, बांगड्या, भांडे आणि उजेडाची वेळ. हो, व्हिडिओ आधी चढवून प्रसिद्धीची वेळ लावून ठेवली, तरी शीर्षकातली सणाची तारीख एकदा पुन्हा वाचावी. माझ्या मोदकांच्या शीर्षकात शनिवारपर्यंत 2024 च होते.

28 ऑगस्टला घरची भाजी खरोखरच शिजत होती आणि मंडईतले वाटे ओट्यावर पसरलेले होते. मी फोन तिवईवर लावून निवडण्यापासून पानात वाढण्यापर्यंत सगळे टिपून ठेवले. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. ऋषीच्या भाजीच्या ओळीत चित्रीकरणाच्या रकान्यात ‘झाले’ असे आधीच लिहिलेले आहे.