रविवारची चोरी

आज जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर २०२६च्या कॅलेंडरचा स्क्रीनशॉट काढून बसलो. शिल्लक रजा ५. आमच्या कुपवाडच्या कारखान्यात साप्ताहिक सुट्टी फक्त रविवारी, शनिवारी कामच.

दसरा मंगळवारी, २० ऑक्टोबरला. म्हटलं, १७ला शनिवार आणि १९ला सोमवार टाकला की दोन रजांत चार दिवस! तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "अरे, दोन नाही, तीन कापतील. दोन्ही बाजूंनी रजा घेतलीस की मधला रविवारही रजेत धरतात. सँडविच म्हणतात त्याला."

मग शनिवार सोडला. नुसता सोमवार टाकला तर रविवार मोकळाच राहतो: एका रजेत तीन दिवस. (प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो, एचआरला आधी विचारा.)

लक्ष्मीपूजन यंदा रविवारीच, म्हणजे ती सुट्टी पाण्यात. पाडवा मंगळवारी. मधला सोमवार, ९ नोव्हेंबर, आणि ११ची भाऊबीज, अशा दोन रजा. पण मधला पाडवाही सँडविचात सापडतो, म्हणजे कापल्या जाणार तीन. ताई साताऱ्याला आहे, तिच्याकडे न जाऊन कसं चालेल?

उरली एक. ती आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. बायकोला अजून सांगितलं नाही, ती गोव्याचं हॉटेल बघतेय.