‘ज्ञात गुंतागुंत’ आणि आठ दिवस अडलेला सारांश : माझा अनुभव

पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पित्तनलिका कापली गेलेल्या एका रुग्णाच्या कुटुंबासाठी मी तज्ज्ञांचा अहवाल आणि न्यायालयाचा निकाल यांचा सारांश लिहिला. निकालपत्र एका दुपारी आटोपले. आठ दिवस खाल्ले ते अहवालातील एका वाक्याने : ‘इजा ही ज्ञात गुंतागुंत असली, तरी निदानास दोन दिवसांचा अक्षम्य विलंब झाला व त्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली.’

वस्तुस्थिती, निकष आणि निष्कर्ष एकाच वाक्यात कालवून ठेवणाऱ्या त्या तज्ज्ञांचा मला आजही राग येतो. ‘दोन दिवस’ हीसुद्धा निखळ वस्तुस्थिती नव्हती. परिचारिकेने तिसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता नाडी 118, ताप आणि फुगलेले पोट अशी नोंद केली होती, तर सोनोग्राफी पाचव्या दिवशी सकाळी अकराला झाली. म्हणजे 39 तास, आणि न्यायालयाने हाच आकडा धरला. (मूळ केसपेपर समोर असल्याखेरीज लिहायला बसू नये, हे मला तेव्हा सुचले.) ‘अक्षम्य’ हा तर सरळ निष्कर्षच. तो कोणत्या मापाने काढला, ते नऊ पानांनंतर सापडले : अशी लक्षणे दिसल्यावर कोणत्याही सक्षम शल्यविशारदाने त्याच रात्री तपासणी करवली असती. इंग्लंडमधील 1957 च्या बोलम खटल्यापासून रूढ झालेली कसोटी हीच विचारते, की त्या शाखेतील जबाबदार डॉक्टर ही वागणूक योग्य मानतील का. सर्वांत निष्णात डॉक्टरने काय केले असते, हा प्रश्न तेथे नसतो.

‘ज्ञात गुंतागुंत’ वाचून रुग्णाच्या पत्नीने विचारले, “म्हणजे असं होणार हे त्यांना आधीच माहीत होतं?” ते शब्द मी खोडले आणि लिहिले : ‘पुरेशी काळजी घेऊनही काही रुग्णांना अशी इजा होते, म्हणून केवळ इजा झाली यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.’

सर्वांत नाजूक शब्द होता ‘त्यामुळे’. तज्ज्ञांचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते, आणि न्यायालयाने तो मान्य केला नाही. न्यायालयाच्या मते नलिका पूर्ण कापली गेली असल्याने त्याच रात्री निदान झाले असते तरी दुसरी शस्त्रक्रिया टळली नसती. विलंबामुळे वाढला तो पोटातील जंतुसंसर्ग आणि त्यापायी अतिदक्षता विभागात काढावे लागलेले अकरा दिवस. म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होऊनही भरपाई तेवढ्यापुरतीच मिळाली. या ठिकाणी मी ‘तज्ज्ञ म्हणतात’ आणि ‘न्यायालयाने स्वीकारले’ असे दोन वेगळे परिच्छेद केले, कारण पहिल्या मसुद्यात ते एकत्र राहिल्याने रुग्णाच्या मुलाने दुसऱ्या शस्त्रक्रियेचे बिलही हिशेबात धरले होते.

नवा मसुदा वाचून त्याने ती रक्कम पेन्सिलीने खोडली आणि अपिलाची मुदत किती, एवढेच विचारले.