गेनच्या नॉबवरचा आकडा

‘दादा, गाडीतल्या कंपनीच्या स्टिरिओवर अंडरसीट वूफर बसवलाय, अँप आतच असलेला. गेन कितीवर ठेवू, कट कितीला आणि लेव्हल किती? तुमचा आकडा सांगा ना, मी तसाच फिरवतो.’

आकडा देत नाही म्हणून मी भाव खातो असं तुम्हाला वाटतं, हे माझ्या कानावर आलंय. पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी आकडाच देत होतो. ‘गेनचा नॉब घड्याळातल्या बारा वाजताच्या जागी, कट ऐंशी हर्ट्झला, बेसचा बूस्ट थोडासा.’ कितीजणांना हे सांगितलं याची गणती नाही. ज्यांच्या गाडीत मी स्वतः हाताने तसं लावून दिलं, त्यांत एक गाडी माझ्या ताईची होती.

ताईच्या गाडीत वूफर बसवला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. सोसायटीचं पार्किंग, वर लोक झोपलेले. म्हणून स्टिरिओचा आवाज बारावर ठेवला आणि तेवढ्या आवाजात बेस छान भरेपर्यंत गेन वाढवत गेलो. बारा वाजताचा नॉब दोन वाजताच्या पुढे गेला, बूस्टही अर्ध्यावर आला. दाजी खूश, ताई खूश. मीही खूश होऊन घरी गेलो.

पंधरा दिवसांनी ते गणपतीसाठी गावाला निघाले. कशेडी घाटात गाड्यांची रांग, बाहेर पाऊस, काचा बंद, एसी चालू, पत्र्यावर पावसाचा आवाज. भाचीला आरत्या मोठ्याने हव्या होत्या, म्हणून आवाज तिशीच्या पुढे नेलेला. तासभर तसंच चाललं. मग ताईला पायाशी ऊब जाणवायला लागली. तिला वाटलं, एसीचंच काहीतरी असेल. पाच मिनिटांत जळक्या वार्निशचा तो उग्र वास आला आणि सीटखालून धुराची बारीक रेघ निघाली. दाजींनी गाडी कडेला घेतली, झोपेतून उठवून पोरीला पावसात उतरवलं आणि मला फोन लावला. मी सांगत होतो, ‘बॉनेट उघडा, बॅटरीजवळ जाड लाल वायर आहे, तिच्यावरची फ्यूज काढा.’ दाजी एका हातात मोबाईलचा टॉर्च धरून ती काळी डबी शोधत होते, शेजारून ट्रक जात होते आणि मला फोनवर भाचीचं रडणं ऐकू येत होतं. फ्यूज निघाली, धूर थांबला. आग लागली नाही. पुढचा सगळा रस्ता त्यांनी काचा उघड्या ठेवून, पाऊस आत घेत काढला.

दाजी मला एक शब्द बोलले नाहीत. ताईने घरी पोचल्यावर एवढंच विचारलं, ‘तू बसवताना इतका मोठा आवाज लावून बघितला होतास का रे?’

नव्हता बघितला.

नंतरचे काही महिने मी सगळ्यांना सांगत होतो की वूफरच हलका होता. डब्यावर छापलेले वॉट खोटे असतात, हे खरंच आहे. पण मी तो डबा उघडला तेव्हा आतला अँप ठणठणीत होता. जळली होती ती कॉइल. वेटोळी सुटून काळी पडलेली, चार ओमच्या जागी मीटर काहीच दाखवेना. म्हणजे अँपने आपलं काम चोख केलं होतं. मी त्याला सांगितलेलं कामच चुकीचं होतं.

तुम्ही गेनला आवाजाचं बटण समजता, आणि इतकी वर्षं मीही मनातून तेच समजत होतो. अँपची ताकद ठरलेली असते, गेनने ती वाढत नाही. स्टिरिओकडून किती व्होल्ट आले की अँपने पूर्ण ताकद लावायची, एवढंच गेन ठरवतो. मी बाराच्या आवाजावर बेस भरवला, म्हणजे साधारण अठरा-वीसवरच अँप पूर्ण ताकदीला पोचत होता. त्यानंतर आवाज वाढवला की सिग्नलची लाट वर चढत नाही, तिचा माथा सपाट कापला जातो. कापून पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत, तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. ती जवळजवळ सगळी कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते. वर बूस्टने सहा डेसिबल दिले तर त्या पट्ट्यात अँपकडे चौपट पॉवर मागितली जाते. घाटातला तो तास म्हणजे हेच.

फ्यूज का उडाली नाही, हे दाजींसह सगळे विचारतात. ती फ्यूज वायरीसाठी असते. लाल वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लागू नये, म्हणून ती बॅटरीपासून हातभराच्या आत बसवायची. कॉइल तापून जळेपर्यंतसुद्धा करंट फ्यूजच्या मर्यादेतच असतो.

आता मी काय करतो ते सांगतो. कंपनीच्या स्टिरिओला प्री-आउट, म्हणजे अँपसाठीचा वेगळा सिग्नल, सहसा नसतो, म्हणून आपण मागच्या स्पीकरच्या वायरीवरून हाय-लेव्हल सिग्नल घेतो. तिथेच मीटर लावायचा, एसी व्होल्टवर आणि स्पीकरच्या दोन वायरींच्या मध्ये. बॉडीला एक टोक लावायचं नाही. या स्टिरिओंमध्ये दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मे, साधारण सहा व्होल्ट डीसी उभे असतात, आणि त्यातली एखादी बॉडीला टेकली तर स्टिरिओचा आयसी जाऊ शकतो. बेस, ट्रेबल मध्यावर ठेवायचे, लाउडनेस बंद. वूफर आणि स्पीकर काढून ठेवायचे आणि पन्नास हर्ट्झचा टोन पेनड्राइव्हवरून वाजवायचा. मोबाईलवरून ब्लूटूथने वाजवलात तर मोबाईलचाही आवाज मध्ये येतो, म्हणून पेनड्राइव्ह.

ताईच्या गाडीत वीसवर २.१ व्होल्ट आले, पंचवीसवर ३.७, अठ्ठावीसवर ५.२, तीसवर ६.६, बत्तीसवर ८.१. चौतीसवर फक्त ८.६, छत्तीसवर ८.८. बत्तीसपर्यंत दर दोन घरांना मीटर नेमाने चढत होता, मग जागीच घोटाळायला लागला. तिथून पुढे स्टिरिओ स्वतःच लाट कापतोय. चार ओमला नऊ व्होल्ट म्हणजे वीस वॉट, बॅटरीवर चालणारा साधा स्टिरिओ एवढंच देतो, डब्यावर चार गुणिले पन्नास लिहिलेलं असलं तरी. म्हणून त्या गाडीची मर्यादा मी एकतीस धरली आणि दाजींना सांगून ठेवलं. पुढचं सगळं एकतीसवर लावायचं, बारावर नाही.

काही गाड्यांत वेगळाच प्रकार दिसतो. पन्नास हर्ट्झचे व्होल्ट मध्येच थांबतात, पण टोन एक हजार हर्ट्झचा लावला तर ते त्याच घरांना चढत राहतात. म्हणजे आवाज वाढला की कंपनीने आतूनच बेस कमी करून ठेवलाय, दारातले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. अशा गाडीत हळू आवाजात बेस दणदणीत आणि मोठ्यात गायब होतो. तो गेन वाढवून परत आणायला जाऊ नका. तिथे नॉब फिरवून उपाय होत नाही, बेस भरून काढणारा वेगळा प्रोसेसर लागतो.

कट, म्हणजे कितीच्या वरचे हर्ट्झ वूफरने सोडून द्यायचे ती रेघ, मी गेनच्या आधी लावतो. वूफर परत जोडायचा; स्पीकरच्या वायरी अजून काढलेल्याच असतात, म्हणजे फक्त वूफर वाजतो. गेन अगदी कमी ठेवून रेडिओवर एखाद्या पुरुषाचं बोलणं लावायचं. सीटखालून शब्द कळत असतील तर कट फार वर आहे. शब्द जाऊन नुसती घरघर उरेपर्यंत खाली आणायचा. ताईच्या गाडीत तो ऐंशीच्या थोडा खाली आला. वर ठेवला की गायकाचा गळा ताईच्या सीटखालून यायचा. मग दारातले स्पीकर परत जोडायचे आणि वूफरची लाट उलटी-सुलटी करणारं फेजचं बटण दोन्हीकडे करून बघायचं. ड्रायव्हरच्या जागी बसून ज्या बाजूला बेस भरीव लागेल ती बाजू ठेवायची.

दारातले स्पीकर तरीही खालपर्यंत वाजतच राहतात, कारण त्यांना कोणी अडवलेलं नसतं. मी प्रत्येकाच्या वायरीत ४७० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर टाकला. चार ओमला तो साधारण पंच्याऐंशी हर्ट्झच्या खालचं हळूहळू अडवतो. वूफरचा सिग्नल मात्र कपॅसिटरच्या आधी, स्टिरिओच्या बाजूने घ्यायचा.

गेन शेवटी. बूस्ट शून्यावर, वायरचा रिमोट नॉब असेल तर तो पूर्ण, स्टिरिओ एकतीसवर. टोन लावून गेन हळूहळू वाढवायचा, एका वेळी दोन-तीन सेकंदच. पन्नास हर्ट्झचा साफ टोन नुसता गुंजतो. माथा कापला जायला लागला की त्यात वरची भुणभुण मिसळते. ती ऐकू आली की मागे फिरायचं, आणि ती जागा ही कमाल मर्यादा. त्यापलीकडे नॉब न्यायचा नाही. प्रत्यक्षात गाणी लावून बसलं की बेस समोरून येतोय असं वाटणारी जागा बहुधा तिच्याही खाली सापडते. वूफरच्या या डब्यात वेगळा लेव्हलचा नॉब नसतो, गेनच दोन्ही कामं करतो. म्हणून तुम्हाला एक आकडा हवा असतो आणि म्हणूनच तो देता येत नाही.

एवढं करूनही एका गोष्टीवर मी ठाम नाही. टोन पूर्ण पातळीचा वापरला तर गेन इतका खाली येतो की जुनी, हळू रेकॉर्ड झालेली गाणी पातळ वाटतात. पाच-सहा डेसिबल कमी पातळीचा टोन वापरला तर ती भरतात, पण हल्लीची ठासून भरलेली गाणी मोठ्या आवाजात कापली जाऊ शकतात. ताईच्या गाडीत मी पूर्ण पातळीच ठेवली. दाजी म्हणतात बेस कमी आहे. त्यांच्या कानांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी कदाचित पाच डेसिबलची सूट घेईन, आणि ते बरोबर की चूक हे तेव्हाही मला सांगता येणार नाही.

ताई अजूनही लांबच्या प्रवासात मध्येच वाकून सीटखाली हात घालून बघते.